न जुळलेलं उत्तर

परीक्षेचा पेपर सुटला की पोरं वर्गाबाहेरच्या पायऱ्यांवर घोळका करून उत्तरं जुळवत बसतात, त्याचा मला भयंकर राग येतो. ‘तुझं काय आलं? माझं दोन आलं. याचं पण दोन आलं, म्हणजे बरोबर!’ तिघांचं दोन आलं म्हणून उत्तर दोन, हे गणित कुठल्या पुस्तकात आहे ते मला आजतागायत सापडलेलं नाही. मी त्या घोळक्यावर वस्सकन ओरडतो आणि पोरं पांगतात. सर तिरसट आहेत, असं त्यांचं मत आहे आणि ते अगदीच खोटं नाही. पण या एका बाबतीतला माझा तिरसटपणा नुसता स्वभावातून आलेला नाही. त्याच्यामागे एक मुलगी आहे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बारामतीच्या एका कॉलेजात गणित शिकवायला लागून मला थोडीच वर्षं झाली होती. जळोचीच्या बाजूला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. तेव्हा तिकडं शेतं जास्त आणि घरं कमी होती. सकाळी सायकल काढली की निम्म्या रस्त्याला उसाच्या पाचटाचा वास यायचा. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला माझ्याकडे लिनिअर अल्जिब्रा होतं. वर्गात निम्मी पोरं आसपासच्या खेड्यांतून एस.टी.नं येणारी. पहिल्या तासाला उशिरा येऊन ‘सर, गाडी भवानीनगरलाच भरली’ असं सांगणारी, आणि शेवटच्या तासाला गाडी चुकेल म्हणून घड्याळाकडे बघत बसणारी.

ती मुलगी इंदापूरकडच्या गाडीनं येणाऱ्यांतलीच. इंदापूरच्या अलीकडे रस्त्यालगतच्या गावची. घरी कालव्याच्या पाण्यावर टोमॅटो, वांगी, गवार असलं माळवं. पहिल्या बाकावर कधी बसली नाही आणि शेवटच्याही नाही. कुणी हुशार म्हणून तिचं नाव घेत नसे. पण फळ्यावर काही लिहून मी मागे वळलो की वर्गात एक चेहरा नक्की खाली मान घालून लिहीत नसायचा, तर फळ्याकडे बघत विचार करत असायचा. तो तिचा. शिकवणाऱ्या माणसाला असा एक चेहरा पुरतो. बाकीच्यांना आपण पगारासाठी शिकवतो म्हटलं तरी चालेल.

रँक आणि नल स्पेस शिकवताना पोरांची हमखास दांडी उडते. मॅट्रिक्सवर, म्हणजे आकड्यांच्या चौकटीवर, रो ऑपरेशन करून, म्हणजे ओळींची आपसांत बेरीज-वजाबाकी करून, पायऱ्यापायऱ्यांचं रूप आणायला ती यंत्रासारखी शिकतात. शून्य नसलेल्या ओळी मोजा, तो रँक. पण हे मोजून मिळालं काय, असं विचारलं की सगळे आढ्याकडे बघतात. म्हणून मी त्या वर्षी पुस्तक बाजूला ठेवलं आणि वर्गात उसाची गाडी आणली. म्हणजे फळ्यावर काढली. चित्रकला यथातथाच असल्यामुळे ती बैलगाडी आहे की पलंग, यावर मागच्या बाकांवर थोडी चर्चा झाली.

‘गाडीत पुढच्या बाजूला एक्स टन ऊस आहे, मागच्या बाजूला वाय टन,’ मी म्हणालो. ‘गाडी वजनकाट्यावर चढवली. काटा म्हणाला पाच. काय समजलं?’

‘एक्स अधिक वाय बरोबर पाच,’ वर्ग म्हणाला.

‘आता तीच गाडी, तसाच ऊस, अशा दोन गाड्या एकदम काट्यावर चढवल्या. काटा म्हणाला दहा. आता नवीन काय समजलं?’

‘काहीच न्हाय,’ मागून एकजण म्हणाला.

‘बरोबर. दोन समीकरणं झाली, पण माहिती एकाचीच. समीकरणं किती ते डोळ्यांना दिसतं. त्यातली खरी माहिती किती, ते रँक सांगतो. इथं रँक एक. आणि समजा दुसऱ्या वेळी काटा दहाऐवजी अकरा म्हणाला, तर?’

‘मंग काटा बिघडला,’ तोच म्हणाला आणि वर्ग हसला.

‘काटा बिघडला असेल नाहीतर लिहून घेणारा झोपेत असेल. पण एक्स आणि वायची कुठलीही किंमत दोन्ही गोष्टी खऱ्या करणार नाही. उत्तर नाही. हे ओळखायचं कसं? डाव्या बाजूच्या मॅट्रिक्सचा रँक काढा, मग उजवीकडचा स्तंभ जोडून काढा. दोन्ही सारखे असतील तर उत्तर आहे. जोडल्यावर रँक वाढला, तर नाही.’

एवढं बऱ्याच जणांच्या गळी उतरलं. मग मी नल स्पेसवर आलो. पुढचा टनभर ऊस काढून मागं टाकला तर काटा हलेल का? नाही. मागचा दोन टन पुढं आणला तर? नाही. हे असे बदल, जे गाडीत होतात पण काट्याला कळत नाहीत, त्या सगळ्यांचा मिळून होतो तो नल स्पेस. एक्स एकानं वाढला, वाय एकानं कमी झाला, किंवा त्याची कुठलीही पट. उजवीकडे शून्य ठेवून समीकरण सोडवलं की हेच मिळतं. मुळात काहीच न हलवणं, म्हणजे शून्य, हे त्यात कायम असतंच. तेवढंच एक असेल तर उत्तर असल्यास ते एकुलतं एक. त्याहून जास्त असेल, तर एक उत्तर सापडलं की अगणित सापडली. आणि अज्ञात राशी किती आहेत त्यातून रँक वजा केला, की काट्याला न कळता हलण्याच्या स्वतंत्र दिशा किती, तेही समजतं. इथं दोनातून एक गेला, एक राहिली.

‘म्हणून पूर्ण उत्तर लिहायचं कसं? कुठलंही एक चालणारं उत्तर घ्या, आणि त्यात नल स्पेस मिळवा. झाला सोल्यूशन सेट.’ मी फळ्यावर एक रेघ काढली, पाच-शून्य आणि शून्य-पाच या बिंदूंतून जाणारी. आणि तिला समांतर दुसरी, शून्य-शून्यातून जाणारी. दुसरी म्हणजे नल स्पेस. पहिली म्हणजे तीच रेघ, बाजूला सरकवलेली.

तेव्हा ती उभी राहिली. वर्षभरात तिनं मला विचारलेला हा बहुतेक एकमेव प्रश्न.

‘सर, पण ही रेघ सुरू कुठून होतीय?’

‘कुठूनच नाही,’ मी म्हणालो. ‘पाच-शून्यावर उभी राहा, नाहीतर दोन-तीनवर. रेघ तीच.’

ती फळ्याकडेच बघत होती. ‘म्हणजे दोघांची उत्तरं वेगळी दिसतील.’

‘दिसतील. वजाबाकी करून बघ. दोन चालणाऱ्या उत्तरांची वजाबाकी नल स्पेसमध्येच पडली पाहिजे.’

तिनं मान हलवली आणि खाली बसली. मी त्या दिवशी घरी फार खुशीत गेलो, एवढं मला स्पष्ट आठवतं.

तिचे वडील मला भेटले ते त्याच हिवाळ्यात. माळवं घेऊन बारामतीच्या मार्केटला आले होते, तिथून सरळ कॉलेजात आले. स्टाफरूमच्या दारात चपला काढायला लागले, मी नको नको म्हणत होतो. काळेसावळे, उंच, बोलण्यात संकोच नाही. मी त्यांना तात्या म्हणायला लागलो ते त्याच दिवसापासून. त्यांचं गाव त्यांना तशीच हाक मारत होतं, मुलगी तेवढी आबा म्हणायची. मुलीचं कसं चाललंय, एवढंच विचारायला आलो म्हणाले. मी चांगलं म्हणालो.

‘सर, तुमास्नी खरं सांगतो,’ ते म्हणाले. ‘आमच्या घरात थोरल्या भावाचं चालतं. त्येनं बारावीलाच स्थळ आणलं हुतं. मी म्हनलं, पोरगी पास हुतीय तवर शिकू द्या. त्येनं कबूल केलं. पर एकदा का आडली, तर मंग माझं कुणी ऐकायचं न्हाय. मलाबी मग तोंड न्हाय.’

‘अडायची नाही ती,’ मी म्हणालो.

‘तुमी म्हनताय म्हंजे झालं,’ ते म्हणाले आणि जाताना दाराबाहेर ठेवलेली वांग्यांची पिशवी शिपायाच्या हातात देऊन गेले. ती वांगी आम्ही स्टाफरूममधल्यांनी वाटून घेतली. तात्यांचा हा करार मुलीलाही ठाऊक होता. ती त्याच्याबद्दल मैत्रिणींशी अभिमानानं बोलायची, असं मला पुढं कळलं. बाप आपल्यासाठी भावाशी भांडला, याचा अभिमान.

वार्षिक परीक्षा आली. गणिताचा पहिला पेपर लिनिअर अल्जिब्राचा. त्या काळी प्रत्येक पेपरात वेगवेगळं पास व्हावं लागे. मला नेमकी त्या दिवसांत इंदापूरच्या केंद्रावर देखरेखीची नेमणूक आली. म्हणजे माझी पोरं बारामतीत पेपर लिहीत होती आणि मी इंदापुरात परक्या पोरांच्या डोक्यावर उभा. एरवी पेपर सुटला की पोरं आधी माझ्याकडे धावायची. त्या दिवशी ती एस.टी. स्टँडवर गेली.

स्टँडवर काय झालं, ते मला बऱ्याच नंतर तिच्या सोबत येणाऱ्या मैत्रिणीनं सांगितलं. पण ते इथंच सांगायला हवं.

पेपरात एक प्रश्न होता. तीन समीकरणं. एक्स अधिक वाय अधिक झेड बरोबर सहा. एक्स अधिक दोन वाय अधिक तीन झेड बरोबर दहा. दोन एक्स अधिक तीन वाय अधिक चार झेड बरोबर सोळा. तिसरं समीकरण पहिल्या दोघांची बेरीज आहे, हे बघणाऱ्याला लगेच दिसतं. न बघणारा रो ऑपरेशन करून तिथंच पोचतो. रँक दोन. उजवा स्तंभ जोडूनही दोनच. अज्ञात तीन, तेव्हा नल स्पेसची दिशा एक. सगळ्या वर्गानं सवयीनं झेड मोकळा सोडला, म्हणजे त्याला वाटेल ती किंमत घेऊ दिली, आणि एक्स, वाय त्याच्या भाषेत लिहिले. उत्तर आलं: दोन, चार, शून्य, आणि त्यात एक, उणे दोन, एक याची कुठलीही पट मिळवायची.

हिनं झेड सोडला नाही. तिनं एक्स मोकळा सोडला. एक्स आधी येतो म्हणून तोच निवडला, असं मैत्रिणीला म्हणाली. तिचं उत्तर आलं: शून्य, आठ, उणे दोन, आणि पुढं तीच पट.

आमच्या वर्गात एक मुलगा होता, गाइड पाठ असणारा. वाईट नव्हता. पण गाइडात छापलेलं ते त्याच्यासाठी शेवटचं. गाइडात लिहिलं होतं की पायऱ्यांच्या रूपात ज्या स्तंभात पायरीचा पहिला आकडा पडतो, ती राशी बांधलेली. ज्यात पडत नाही, ती मोकळी. हा नियम घाईत गणित सोडवायला सोयीचा आहे. पण ती सोय आहे, कायदा नव्हे. वाय आणि झेडचे स्तंभ एकमेकांवर अवलंबून नसतील, तर एक्स खुशाल मोकळा सोडता येतो. इथं ते तसे अवलंबून नव्हते. हे त्या पोराला कुठून माहीत असणार? त्यानं स्टँडवर सगळ्यांदेखत सांगितलं, ‘एक्सच्या स्तंभात पायरी हाय. एक्सला मोकळं सोडताच येत न्हाय. ह्याला शून्य मार्क.’

ती म्हणाली म्हणे, ‘पण घालून बघितलं तर जमतंय की.’

‘एक जमलं म्हणून काय? मेथड चुकली. आणि आम्हां सगळ्यांचं दोन, चार, शून्य आलंय.’

सगळ्यांचं. हा शब्द मोठा वाईट. पंधरावीस डोकी एका बाजूला, ही एका बाजूला. त्यात दुसऱ्या एका प्रश्नातही तिनं हीच पद्धत वापरली होती, आणि या दोन्हींवर वेळ गेल्यामुळे शेवटचा प्रश्न अर्धा राहिला होता. दोन्ही गेले धरले तर पास व्हायचे मार्क उरतच नव्हते. तिनं स्टँडवरच हिशेब केला. मग इंदापूरची गाडी लागली. मैत्रीण म्हणते, भवानीनगर येईपर्यंत ती प्रश्नपत्रिकेची घडी घालत-उलगडत होती. तिथं कारखान्यातून सुटलेली माणसं चढली, गर्दी झाली, आणि त्या गर्दीत उभ्या उभ्या ती म्हणाली, ‘आता दुसऱ्या पेपरला येऊन काय करू?’ मैत्रिणीला वाटलं, बोलतीय नुसतं.

दुसऱ्या पेपरला मी बारामतीत परत आलो होतो. माझ्याच वर्गावर तिचा नंबर होता. बाकावर खडूनं लिहिलेला आकडा दिसत होता आणि बाक रिकामा. मी उत्तरपत्रिका वाटल्या, दाराशी जाऊन दोनदा बाहेर बघितलं. अर्धा तास झाला की आत घेता येत नाही. तो झाला. तिच्या वाट्याची कोरी उत्तरपत्रिका गठ्ठ्यात परत ठेवली तेव्हा मला फक्त वाटलं, आजारी असेल.

पेपर सुटल्यावर मैत्रिणीला गाठलं. ती पोरगी घाबरली होती. ‘सर, तिचा पहिला पेपर ग्येला. दोन्ही मोठी गणितं चुकली,’ एवढंच म्हणाली. मी काय चुकलं ते विचारलं नाही. चुकलं म्हणजे चुकलं असं मीही धरून चाललो. दुसऱ्या दिवशी तिच्या गावाला गेलो.

तात्या टोमॅटोच्या क्रेट भरत होते. मला बघून उठले, पाणी मागवलं. मुलगी घरी नव्हती. आईनं तिला मामाकडे पाठवलं होतं, मन जरा रमेल म्हणून.

‘पेपर द्यायला हवा होता तात्या,’ मी म्हणालो. ‘पहिला गेला असला तरी ऑक्टोबरला पुन्हा देता येतो. वर्ष वाया जात नाही.’

‘मी म्हनलं तिला,’ ते म्हणाले. ‘रातभर म्हनलं. तर म्हनली, आबा, मीच आडले, आता तुमी काकांशी बोलू नका. तिनंच सांगितलं सर. तिच्यापरीस जास्त कुणाला ठावं असणार?’

‘निकाल तर लागू द्या.’

‘बगू,’ ते म्हणाले. पण त्यांचा थोरला भाऊ ओट्यावरच बसला होता आणि त्याच्या तोंडावर मला उत्तर दिसलं. त्यानं माझ्याशी अतिशय आदरानं बोलून मला चहा पाजला. मे महिन्यात लग्न झालं. सासर पळसदेवचं, धरणाच्या फुगवट्याकाठी ऊस, शेतात पाण्याच्या मोटारी, खाऊनपिऊन सुखी माणसं. स्थळात खोट काढण्यासारखं काही नव्हतं, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. पत्रिका मला आली होती. मी गेलो नाही. पुण्याला पेपर तपासायला बोलावलं होतं, ते खरंच कारण होतं.

जूनमध्ये निकाल लागला. मी यादीवरून बोट खाली नेत होतो, आणि तिच्या नंबराशी थांबलो. लिनिअर अल्जिब्रात ती पास होती. काठावर नव्हे, चांगली. त्या गाइडवाल्या पोरापेक्षा दोनतीनच मार्कांनी कमी. शेजारच्या रकान्यात ‘गैरहजर’.

तेव्हा मी मैत्रिणीला बोलावून सगळं विचारलं आणि तिनं स्टँडवरची हकीकत सांगितली. शून्य, आठ, उणे दोन. मी तिच्यासमोरच तोंडी घालून बघितलं. आठातून दोन गेले, सहा. सोळातून सहा गेले, दहा. चोविसातून आठ गेले, सोळा. तिन्ही जमली. दोन, चार, शून्यातून वजा केलं: दोन, उणे चार, दोन. म्हणजे एक, उणे दोन, एकची दुप्पट. नल स्पेसमध्ये बरोबर पडली. रेघ तीच होती. पोरं एका बिंदूवर उभी होती, ती दुसऱ्या. ज्यानं कुणी पुण्यात तिचा पेपर तपासला, त्या अनोळखी माणसाला हे दिसलं, आणि तिच्या शेजारी बसणाऱ्या एकालाही दिसलं नाही. मैत्रीण रडायला लागली. मला त्या पोरीवर ओरडावंसं वाटत होतं आणि ओरडण्यासारखं तिनं काहीच केलं नव्हतं.

मी नसतो इंदापूरला, तर ती माझ्याकडे आली असती. मी दोन मिनिटांत सांगितलं असतं. हे वाक्य मी स्वतःशी किती वेळा बोललो असेन याला सुमार नाही. त्या नेमणुकीत माझा दोष नव्हता, कुणाचाच नव्हता. दोष असता तर बरं झालं असतं, निदान कुणावर तरी राग काढता आला असता.

दिवाळीच्या तोंडावर इंदापूरच्या बाजारात ती मला दिसली. माहेरी आली होती. हिरवी साडी, डोक्यावर पदर, हातात मेथीच्या जुड्या. मी हाक मारली नाही, तीच पुढे आली.

‘सर, बरं हाय ना?’

मी बरा आहे म्हणालो.  मग एकदम बोलून टाकलं, ‘अगं, तुझं गणित बरोबर होतं. पहिल्या पेपरात पास आहेस तू.’

तिला धक्का बसेल म्हणून मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. तिनं मेथीची जुडी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

‘मला ठावं हाय, सर.’

‘निकाल बघितलास?’

‘न्हाय. मामाच्या घरी असताना काढून बघितलं. तुम्ही सांगितलं हुतं तसं, माझ्यातनं त्यांचं वजा केलं. मग उजवीकडं शून्य धरून घातलं. तिन्ही शून्य आली.’

‘लग्नाच्या आधी?’

‘व्हय.’

‘मग सांगितलं का नाहीस? आबांना?’

‘मी मामाकडनं परत आले तवर पत्रिका वाटून झाल्या हुत्या,’ ती म्हणाली. ‘आणि सांगून काय, सर? आबा काकांशी पुन्हा भांडले असते. लग्न मोडायला गेले असते. आणि न्हाय मोडलं तर जन्मभर खात राहिले असते स्वतःला. त्यांस्नी वाटतंय मी आडले. वाटू दे.’

मी म्हणालो, एप्रिलला दुसऱ्या पेपराला बस, बाहेरून बस, फॉर्म मी भरतो, पुस्तकं मी देतो. मी भरभर बोलत होतो, बाजारातली माणसं बघायला लागली होती. ती माझं सगळं ऐकून घेत होती, वर्गात ऐकायची तशीच.

‘बसले, पास झाले, तर मार्कशीट घरी येईल,’ ती म्हणाली. ‘त्याच्यावर पहिल्या पेपराचं पण दिसेल. आबा शिकल्यालं न्हायती, पण आकडा वाचत्यात.’ मग म्हणाली, ‘तुमी त्यांस्नी सांगू नका. एवढं करा.’

मी कबूल केलं. तिनं वाकून नमस्कार केला आणि मेथी सावरत गर्दीत गेली. मी तिथं बाजारात काय आणायला गेलो होतो ते मला आठवेना. तसाच स्टँडवर जाऊन बसलो. वाईट वाटलं हे म्हणणं फार कमी आहे. एक माणूस गणित खऱ्या अर्थानं शिकलं, एवढं शिकलं की भर दुःखात बसून त्यानं स्वतःचं उत्तर तपासून बघितलं. आणि त्या शिकण्याचा त्याला उपयोग झाला तो फक्त आपण बरोबर होतो हे कळण्यापुरता. माझ्या सगळ्या वर्षांत तिच्याइतकं माझं शिकवणं कुणाला समजलं नाही, आणि ती तिसऱ्या वर्षाला माझ्या वर्गात नव्हती.

तात्या पुढंही बारामतीच्या मार्केटला येत राहिले. कधी रस्त्यात भेटत, कधी मुद्दाम कॉलेजकडे वाकडी वाट करत. मुलीचं चांगलं चाललंय, नातू झाला, असं सांगत. ते सांगून झालं की मग दर वेळी तोच विषय काढत. मला पुढचं तोंडपाठ झालं होतं.

‘सर, तुमी येवढं शिकवलंत. पोरगी गनितात कच्चीच निगाली म्हनायची का?’

‘कच्ची नव्हती तात्या,’ मी म्हणायचो. ‘त्या वर्षी पेपरच अवघड होता.’

‘तसं आसंल,’ ते म्हणायचे. ‘पास झाली असती तर मी न्हाय सर तिला थांबू दिलं असतं. जीव ग्येला तरी न्हाय.’